सहावीच्या पालकांसाठी: घरच्या वायफायचा पासवर्ड बघायचा कसा आणि बदलायचा कसा

नमस्कार पालकहो. ऑनलाइन तास सुरू झाल्यापासून रोज दोन-तीन जणांचा तरी फोन असतो की मॅडम, नेट पूर्ण आहे, काड्या फुल दिसतायत, तरी तुमचा आवाज तुटतोय आणि मूल स्क्रीनवर पुतळ्यासारखं अडकून बसतंय. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लांबलंय जरा, पण चहा घेऊन निवांत वाचा, आणि वाचता वाचता करू नका, आधी पूर्ण वाचा मग हात लावा, कारण मधेच केलं की नेट जातं आणि मग पुढचं वाचायला नेटच नसतं.

सिडकोतल्या आपल्याच एका विद्यार्थिनीच्या घरचं सांगते, नाव घेत नाही, आईची परवानगी घेतलीय. घर पहिल्या मजल्यावर, खाली वडिलांची पिठाची गिरणी. मुलीचा तास सकाळी 11 वाजता, आणि बरोब्बर त्याच वेळी तिचं चित्र थांबायचं. संध्याकाळी मात्र नेट एकदम झकास. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, वायर बघितली, सगळं ओके म्हणाला. मी आईला फोनवरच विचारलं, ताई, वायफायचा पासवर्ड काय ठेवलाय? त्या म्हणाल्या, यांचा मोबाईल नंबर, लक्षात राहतो ना. आता तो नंबर खाली गिरणीच्या बोर्डावर चांगला हातभर मोठा लाल अक्षरात रंगवलेला आहे! दळण घेऊन बाकड्यावर बसलेल्या एखाद्या पोराने वरच्या वायफायला तो नंबर टाकून बघितला असणार आणि लागला असणार, एवढंच. एकाला कळलं की गल्लीला कळतं.

हे नुसता अंदाज म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं म्हणून आम्ही मोजून बघितलं, आणि तेच तुम्हीही करायचंय. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, सगळा गोंधळ इथेच होतो: घरच्या वायफायला पासवर्ड दोन असतात. एक, फोन-टॅब जोडताना टाकतो तो, वायफायचा पासवर्ड. दुसरा, त्या पांढऱ्या किंवा काळ्या डब्याच्या आत शिरून सेटिंग बदलायचा, राउटरचा लॉगिन पासवर्ड. पहिला म्हणजे बिल्डिंगच्या गेटची किल्ली समजा आणि दुसरा म्हणजे मीटररूमची. गेटची किल्ली पाहुण्याला देतो आपण, मीटररूमची देत नाही. पहिला बदलायचा असेल तर दुसरा माहीत असावा लागतो.

आधी सध्याचा वायफाय पासवर्ड बघायचा कसा ते. बऱ्याच घरात तो कुणालाच आठवत नाही, मुलाने कधीतरी टाकला आणि फोन आपोआप जोडला जातोय तेवढंच. अँड्रॉइड फोन असेल तर Settings मध्ये Wi-Fi उघडा, आपल्या वायफायच्या नावावर दाबा, किंवा शेजारचं छोटं चाक दाबा, तिथे Share किंवा QR code असं काहीतरी दिसेल. ते दाबलं की फोन तुमचं बोट किंवा पिन मागतो आणि मग तो चौकोनी ठिपक्यांचा कोड येतो, बहुतेक फोनमध्ये त्याच्या खालीच पासवर्ड लिहिलेला असतो. अँड्रॉइड 10 पासून पुढे ही सोय आहे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये नुसता कोडच दिसतो, पासवर्ड लपवलेला असतो. अशा वेळी घरातल्याच दुसऱ्या फोनवरच्या स्कॅनरने तो कोड वाचा, आतला मजकूर साधारण असा निघतो:

```
WIFI:T:WPA;S:Ghar_Wifi;P:9xxxxxxxxx;;
```

यात S: च्या पुढे वायफायचं नाव आणि P: च्या पुढे पासवर्ड. म्हणजे तो ठिपक्यांचा कोड हाच पासवर्ड आहे असं समजा, त्याचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवला म्हणजे पासवर्ड पाठवला. आयफोन असेल तर Settings, Wi-Fi, मग नावापुढचा छोटा i दाबा, Password वर बोट ठेवा, दिसतो. यासाठी आयओएस 16 किंवा पुढचं लागतं.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर Command Prompt उघडून हे टाका, नावाच्या जागी तुमच्या वायफायचं नाव:

```
netsh wlan show profile name="Ghar_Wifi" key=clear
```

खाली Key Content असं लिहिलेल्या ओळीत पासवर्ड मिळेल. डब्याच्या पोटावरच्या स्टिकरवरही एक पासवर्ड छापलेला असतो, पण तो कंपनीतून आला तेव्हाचा, नंतर कुणी बदलला असेल तर स्टिकर काही स्वतःहून बदलत नाही, त्यामुळे तो चालला नाही तर घाबरू नका.

बघितला पासवर्ड? आता स्वतःलाच विचारा की हा शेजाऱ्याला पाच-सहा प्रयत्नांत सुचेल का. मोबाईल नंबर, मुलाचं नाव आणि 123, फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, आडनाव आणि जन्मसाल, यातलं काही असेल तर बदलाच. आणि लाइट दुरुस्तीवाल्यापासून दिवाळीत आलेल्या भाच्यांपर्यंत सगळ्यांना दिलेला असेल तर कितीही अवघड असला तरी बदला.

आता आत शिरायचं. यासाठी फोन किंवा लॅपटॉप घरच्याच वायफायला जोडलेला पाहिजे, आणि फोनवरून करत असाल तर मोबाईल डेटा बंद करा, हे विसरलं की काही फोन हळूच मोबाईल नेटवर उडी मारतात आणि ते पान उघडतच नाही. मग ब्राउझरमध्ये अगदी वर पत्त्याच्या पट्टीत राउटरचा पत्ता टाकायचा, बहुतेक घरांत 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो, स्टिकरवरही लिहिलेला असतो. शोधायच्या खिडकीत नाही हं, पत्त्याच्या पट्टीत, एका आजोबांनी गुगलमध्ये टाकला आणि तिथून आलेल्या कुठल्यातरी भलत्याच पानावर ते लॉगिन करत बसले होते. दोन्ही पत्ते चालले नाहीत तर वायफायच्या त्याच माहितीच्या पानावर अँड्रॉइडमध्ये Gateway आणि आयफोनमध्ये Router असं लिहून जो आकडा असतो तोच तुमचा पत्ता. ब्राउझर कदाचित Not secure अशी सूचना देईल, घरातल्या डब्याच्या पानाला ते प्रमाणपत्र नसतं म्हणून देतो, पत्ता तुम्ही स्वतः बघून टाकलेला असेल तर पुढे जा.

तिथे नाव आणि पासवर्ड मागेल. हा तो दुसरा, मीटररूमवाला. स्टिकरवर Username आणि Password शोधा. जुन्या डब्यांना दोन्हीकडे admin असतं, नव्यांना प्रत्येक डब्याचा वेगळा. चुकला तर अंदाजाने दहा वेळा टाकत बसू नका, बरेच राउटर थोड्या चुकांनंतर काही मिनिटं दारच बंद करतात. कंपनीच्या माणसाने जोडणी करताना बदलला असेल तर सरळ त्यांना फोन करून मागा, कनेक्शन तुमचं आहे. काही कंपन्यांचं मोबाईल ॲप असतं, त्यात वायफायचा पासवर्ड बदलायची सोय असेल तर उत्तमच, हा सगळा खटाटोप वाचला.

आणि आता हात जोडून एक विनंती. डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं, Reset लिहिलेलं. यूट्यूबवर कुणीतरी सांगतं की पिन घालून दहा सेकंद दाबा, पासवर्ड पहिल्यासारखा होतो. होतो खरा. पण त्याच्याबरोबर कंपनीने आत भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते, बऱ्याच फायबर कनेक्शनला त्यांचं एक वेगळं नाव आणि पासवर्ड आत भरलेलं असतं, PPPoE म्हणतात त्याला, ते गेलं की वायफाय दिसतं पण नेट येत नाही. मी स्वतः केलंय हे! शनिवारी दुपारी साडीच्या टाचणीने दाबलं आणि सोमवारी संध्याकाळी माणूस येईपर्यंत सासूबाईंच्या मालिका बंद, माझे सोमवारचे तीन तास फोनच्या डेटावर. तर भोकाला हात नाही.

आत गेल्यावर आधी बदलायची घाई नको, आधी मोजणी. Connected Devices, Wireless Clients, Station List असं काहीतरी नाव असलेलं पान शोधा, प्रत्येक कंपनीत नाव वेगळं. गिरणीवाल्या ताईंच्या घरी त्या यादीत 9 नावं दिसली. त्या म्हणाल्या, आमचे तर पाचच आहेत, म्हणजे चार चोर, आत्ता खाली जाते आणि बघते एकेकाला. मी म्हटलं थांबा ताई. आपण मोजू. त्यांचा फोन, मिस्टरांचा फोन, मुलीचा टॅब, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, झाले पाच. मग आजींचा जुना फोन आठवला, कपाटात चार्जिंगला लावून ठेवलेला, तोही जोडलेलाच होता. सहा. उरले तीन.

नावांवरून काही ओळखता येत नव्हतं आणि येतही नाही. यादीत प्रत्येकापुढे 12 आकडे-अक्षरांचा एक क्रमांक असतो, MAC म्हणतात, पण हल्लीचे फोन मुद्दाम खोटा क्रमांक देतात, कुणी माग काढू नये म्हणून, त्यामुळे तुमचाच फोन तुम्हाला अनोळखी वाटू शकतो. शिवाय DHCP नावाची जी यादी असते तिच्यात सकाळी येऊन गेलेल्या फोनचं नावही तासन्‌तास तसंच राहतं, ते घेऊन शेजाऱ्याशी भांडू नका. म्हणून खात्रीचा उपाय एकच: आपल्या फोनखेरीज घरातलं सगळं बंद. टीव्ही रिमोटने नाही, बटणातून. बाकी फोन-टॅबचं वायफाय बंद. दोन-तीन मिनिटं थांबा आणि आत्ता जोडलेल्यांची यादी परत उघडा. एकच नाव उरलं पाहिजे. ताईंकडे चार उरले. एक त्यांचा स्वतःचा, आणि तीन असे जे त्यांच्या घरातले नव्हतेच. आता खात्री झाली.

इथे तुमच्याकडे एकच नाव उरलं, तर तुमच्या वायफायवर त्या वेळी तरी कुणी बाहेरचं नाहीये, आणि मग पासवर्ड बदलून तासातला आवाज सुधारणार नाही हेही लक्षात घ्या. तेव्हा कारण दुसरं असतं. मूल आतल्या खोलीत आणि डबा बाहेर टीव्हीमागे, मधे दोन भिंती आणि लोखंडी कपाट, हे मला सगळ्यात जास्त सापडतं. किंवा घरातच कुणीतरी त्याच वेळी मोठं काहीतरी डाउनलोड करतंय.

बदलायचं कुठे? Wireless किंवा WLAN असा विभाग असतो, त्यात Security. तिथे SSID म्हणजे वायफायचं नाव, ते तसंच राहू द्या. Security किंवा Authentication मध्ये WPA2-PSK असावं, नवा डबा असेल तर WPA2/WPA3 असा मिश्र पर्यायही असतो, तो घेतला तर जुने आणि नवे दोन्ही फोन सहसा चालतात. WEP किंवा Open दिसलं तर ते आधी बदला, WEP तर कधीचंच मोडीत निघालंय. मग Pre-Shared Key, Passphrase किंवा WPA Key लिहिलेल्या चौकटीत जुना खोडून नवा टाका. कमीत कमी 8 अक्षरं लागतात, जास्तीत जास्त 63 चालतात. मी 14-15 च्या पुढेच ठेवा म्हणेन, आणि अवघड चिन्हांची रांगोळी काढण्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि मधे आकडे घ्या, जसं

```
kothimbir47shidi92patang
```

हा मात्र ठेवू नका, हा आता वर्गातल्या सगळ्यांना माहीत झाला. शब्दांचा फायदा असा की टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर टाकताना जीव जात नाही आणि आजीलाही फोनवर सांगता येतो. मोठा O आणि शून्य, छोटा l आणि एक, हे शक्यतो टाळा, अर्धे "लागत नाहीये मॅडम" तिथलेच असतात.

एक जागा हमखास सुटते. बऱ्याच डब्यांतून दोन वायफाय निघतात, 2.4GHz आणि 5GHz, कधी नाव एकच, कधी दुसऱ्यापुढे 5G लिहिलेलं (मोबाईलच्या 5G शी याचा काही संबंध नाही). दोन्हींचे पासवर्ड कधी वेगवेगळ्या पानांवर असतात. एक बदलला आणि दुसरा तसाच राहिला तर बाहेरचा माणूस दुसऱ्या दारातून आतच. Guest Network चालू असेल तर तेही बघा, लागत नसेल तर बंद करा. आणि WPS असा पर्याय दिसला तर तोही बंद, त्याच्या आठ आकडी पिनमधून शिरता येतं हे जुनं माहीत असलेलं दुखणं आहे.

आता Save किंवा Apply दाबा, आणि इथे काय होतं ते नीट ऐका कारण इथे माणसं घाबरतात. दाबल्याबरोबर पान गोल गोल फिरत राहतं, किंवा कोरं होतं, किंवा नेट नाही म्हणतं. काही बिघडलं नाहीये. तुमचा फोन जुन्या पासवर्डने जोडलेला होता, तो पासवर्ड या क्षणी संपला, त्यामुळे तुम्हीच बाहेर फेकले गेलात. म्हणजे काम झालंय बहुतेक. परत परत दाबू नका, डबा बंद करू नका, दोन मिनिटं थांबा. मग फोनच्या वायफायमध्ये जाऊन घरच्या नावावर दाबा, नवा पासवर्ड टाका. फोन नुसताच Couldn't connect किंवा Authentication problem म्हणत राहिला तर तो जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा देतोय, त्या नावावर Forget करा आणि नव्याने जोडा. लॅपटॉपलाही हेच.

ताईंचं तासाभराचं काम झालं ते असं. Save झाल्यावर यादीत एकच नाव, त्यांचं. मग टॅब, टीव्ही, बॉक्स, मिस्टरांचा फोन, आजींचा फोन, एकेक करून जोडले, यादी सहावर येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी 11 ला मुलगी पूर्ण तास दिसत होती, अपूर्णांकांची तीन उदाहरणं बोलून सोडवली तिने. गंमत म्हणजे दुपारी गिरणीत दळणाला आलेल्या एका मुलाने वडिलांना विचारलं म्हणे, काका, तुमचं नेट बंद झालं का!

अजून थोडं. घरात वायफाय वाढवायचा छोटा डबा म्हणजे एक्स्टेंडर लावला असेल तर त्यालाही नवा पासवर्ड द्यावा लागतो, आणि तो स्वतःचं वेगळं नाव सोडत असेल तर त्याचा पासवर्डही वेगळा बदला, नाहीतर मागचं दार उघडंच. राउटरचा लॉगिन पासवर्ड admin च असेल तर त्याच फेरीत Administration किंवा Management मध्ये जाऊन तोही बदला, आणि दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, घरात कागद चालतो, बैठकीच्या भिंतीवर नको.

आणि हे वायफाय बदलून काय होत नाही तेही सांगते, कारण एका पालकांनी रागाने लिहिलंय की पासवर्ड बदलूनही परवाच्या तासात अनोळखी मुलगा कसा आला. तो तुमच्या वायफायमधून आला नाही. तो तासाच्या लिंकवरून आला, कुणीतरी लिंक पुढे पाठवली. मीटिंगचा पासकोड वेगळा, तो मी बदलते, ते माझं काम.

करायचं कधी? तासाच्या अर्धा तास आधी अजिबात नाही. शनिवारी दुपारी किंवा रविवारी करा, कारण काही अडलं तर हातात वेळ राहतो, आणि बुधवारी परीक्षा असेल तर मंगळवारी रात्री तर डब्याकडे बघूही नका. करायच्या आधी फोनच्या डेटावर तास लागतो का तेवढं एकदा बघून ठेवा, म्हणजे अडलंच तर सोमवार निभावतो.

अडलात तर मला फोन करा, संध्याकाळी 5 ते 6. डब्याचा फोटो पाठवायचा असेल तर मला एकटीलाच आणि पासवर्डवर बोट ठेवून. वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका, तिथे 54 जण आहेत. काल रात्री एकांनी पूर्ण स्टिकरचा फोटो टाकला होता, मी डिलीट करायला लावलाय, पण सात-आठ जणांनी तोपर्यंत बघितलेला दिसतोय, तेव्हा त्या दादांनी शनिवारची वाट न बघता आजच बदलून घ्या.